साल, लवंग आणि दालचिनीचे पातेले: घर सुगंधी होते, की नुसते दमट?

पागोळी (सिंहगड रस्ता)

नमस्कार. पावसाळा सुरू झाल्यापासून आमच्या घरात, विशेषतः दिवाणखान्यातील भिंतीतल्या कपाटाजवळ, कुबट वास येतो. बाजारातील फवाऱ्यांनी माझे डोके दुखते, म्हणून मी सालींचे पाणी उकळण्याचा उपाय करून पाहिला. एक लिटर पाण्यात तीन मोसंब्यांच्या साली, दहा-बारा लवंगा आणि दालचिनीचे दोन मोठे तुकडे घातले, मोठ्या शेगडीवर पातेले ठेवले आणि पाणी खळखळू दिले. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद होत्या. मध्ये आणखी अर्धा लिटर पाणी घातले. दीड तासाने गॅस बंद केला, तेव्हा पातेल्यात साधारण ३०० मिली पाणी उरले होते.

पहिली पंधरा मिनिटे घर अतिशय प्रसन्न वाटले. त्यानंतर मोसंबीचा वास नाहीसा झाला आणि उरला तो कडसर काढ्याचा वास. खिडकीच्या काचा आणि ओट्यामागील फरशा ओल्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडले तर कुबट वास जसाच्या तसा, किंबहुना थोडा अधिकच होता. साली कमी पडल्या का, की माझी पद्धतच चुकली? कृपया अनुभवी सदस्यांनी सांगावे.

तुळशीकट्टा (सदाशिव पेठ)

पागोळीताई, आमच्याकडे हाच काढा घेतात, मात्र त्यात मोसंबीऐवजी आले आणि गूळ असतो. दीड तास फार झाला, पाणी निम्मे झाले की गाळून घ्यावे. खोकल्यावर चांगला उतार पडतो. मुलांना द्यायचा असेल तर लवंगा दोनच घालाव्यात.

पागोळी

तुळशीकट्टाताई, हे पाणी पिण्यासाठी नाही, केवळ घरात सुवास पसरावा म्हणून उकळले होते. तरीही काढ्याची कृती जपून ठेवते.

अत्तरवाट (बिबवेवाडी)

सुगंधी तेलांच्या ऊर्ध्वपातनाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या साली कमी पडल्या नाहीत. त्या फार लवकर घातल्या गेल्या आणि फार वेळ उकळल्या. मोसंबी, संत्रे, लिंबू यांच्या सालीचा सुवास बाहेरच्या रंगीत थरातील बारीक तेलाच्या पिशव्यांत असतो. लहानपणी दिव्याजवळ संत्र्याची साल दाबून जी ठिणगी आपण उडवत असू, ती याच तेलाची. या तेलात लिमोनिन नावाचा घटक सर्वाधिक असतो. तो एकटा तापवला तर साधारण १७६ अंशांना उकळतो, परंतु पाण्याच्या वाफेबरोबर तो १०० अंशांच्या आतच निघून जातो. ऊर्ध्वपातनाच्या भट्टीत आम्ही नेमका याचाच उपयोग करतो. भट्टीत ती वाफ थंड करून तेल पकडले जाते, आपल्या स्वयंपाकघरात मात्र ती मोकळी सुटते. त्यामुळे खळखळत्या पाण्यात सालीतील बहुतेक तेल पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच संपते. त्यानंतर आपण उकळत असतो तो सालीचा पांढरा गर, आणि त्यातून सुवास येत नाही, शिजलेल्या सालीचा कडवट वास येतो. आपल्याला जो काढ्याचा वास आला तो हाच.

लवंग आणि दालचिनी यांचे नेमके उलटे आहे. लवंगेतील युजेनॉल आणि दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड हे दोन्ही जड घटक आहेत. ते सावकाश निघतात, आणि अख्खी लवंग किंवा दालचिनीचा जाड तुकडा तसाच टाकला तर आतील तेल बाहेर यायला आणखी वेळ लागतो. म्हणजे आपण ज्यांना वेळ द्यायला हवा त्यांना आणि ज्याला वेळ देऊ नये त्याला एकाच क्षणी पाण्यात सोडले.

माझी पद्धत सांगतो. अर्धा लिटर पाणी पुरते. सात-आठ लवंगा खलबत्त्यात नुसत्या फुटतील इतपत चेचाव्यात आणि दोन इंच दालचिनी हाताने मोडून घ्यावी. दालचिनीची पूड घालू नये, कारण ती गोळा होऊन तळाला धरते. पाणी उकळले की आच अगदी मंद करून हे मसाले झाकण ठेवून वीस मिनिटे मुरू द्यावेत. झाकणामुळे पाणी आणि तेल दोन्ही पातेल्यातच राहतात. पाहुणे येण्याच्या दहा मिनिटे आधी झाकण काढावे आणि तेव्हाच साली घालाव्यात. साली चाकूने पातळ, केवळ रंगीत भाग येईल अशा काढाव्यात आणि पाण्यात सोडण्यापूर्वी बोटांनी पिळवटून घ्याव्यात. पाण्यावर लहान लहान बुडबुडे दिसावेत, खळखळ होऊ नये. खळखळण्याने सुवास वाढत नाही, तो केवळ लवकर संपतो.

हिंगाष्टक (कर्वेनगर)

अत्तरवाट यांची कृती चांगली आहे, परंतु सुवास हा दुय्यम भाग आहे असे मला वाटते. या मिश्रणाने हवा शुद्ध होते, हा खरा लाभ. लवंगेचे तेल जंतुनाशक आहे, दंतवैद्यही ते वापरतात. लिंबाच्या आम्लाने माशाचा उग्र वास मरतो, हे तर प्रत्येक घरात माहीत आहे. आमच्याकडे बांगडा तळला की मी लगेच लिंबाच्या साली उकळायला ठेवतो आणि अर्ध्या तासात घर स्वच्छ होते. पागोळीताईंनी हे आठवडाभर रोज केले तर कपाटातील बुरशीही जाईल.

अत्तरवाट

हिंगाष्टक, आपण सांगितलेल्या दोन्ही गोष्टी त्यांच्या जागी खऱ्या आहेत, फक्त त्या जागा वेगळ्या आहेत.

दंतवैद्य युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून थेट दातावर लावतात. तिथे ते घट्ट आणि प्रत्यक्ष संपर्कात असते. आठ लवंगांतील तेल एका दिवाणखान्याच्या हवेत पसरले, तर नाकाला जाणवण्याइतके ते असते. भिंतीवरील बुरशी मारण्याइतके ते नसते.

माशाबद्दल आपले निरीक्षण ताटापुरते अचूक आहे. माशाच्या उग्र वासातील मुख्य द्रव्य अल्कधर्मी असते. लिंबू पिळले की आम्लाशी त्याचा संयोग होतो आणि ते हवेत उडत नाही. परंतु लिंबाचे हे आम्ल वाफेबरोबर उडणारे नाही. आपण साली कितीही उकळल्या तरी ते पातेल्यातच राहते, हवेत जाते ते केवळ सालीचे तेल. तेव्हा आपल्या घरात माशाचा वास मरत नाही, त्यावर लिंबाचा वास चढतो. शिवाय तळणाचा वास बराचसा तेलाच्या बारीक थेंबांतून पडद्यांवर, उशांवर बसतो, आणि तो कापड धुतल्याशिवाय जात नाही. व्हिनेगरचे आम्ल मात्र वाफेबरोबर उडते, म्हणून पाण्यात थोडे व्हिनेगर घालून उकळल्यास काही प्रमाणात फरक पडू शकतो. त्याचा स्वतःचा वास सोसण्याची तयारी मात्र हवी.

हवा शुद्ध होते हे विधान मी करणार नाही, उलट एक सावधगिरी सांगेन. लिमोनिनची हवेतील ओझोनशी गाठ पडली की त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. दहा-पंधरा मिनिटे मंद आचेवर, खिडकी थोडी उघडी ठेवून केलेल्या प्रयोगात घाबरण्यासारखे काही नाही. परंतु घरात ओझोन सोडणारे हवाशुद्धीकरणाचे यंत्र असेल, तर ते आणि हे पातेले एकाच वेळी चालवू नये.

हिंगाष्टक

आम्ल वाफेबरोबर उडत नाही, हे मला ठाऊक नव्हते आणि ते मी मान्य करतो. तरीही अर्ध्या तासात आमचे घर निश्चितपणे बरे वाटते, हा अनुभव मी नाकारू शकत नाही.

मापटे (वारजे)

हिंगाष्टक, त्या अर्ध्या तासात तुम्ही खिडकी आणि एक्झॉस्ट पंखा चालू ठेवता का? ठेवत असाल, तर एकदा पातेल्याशिवाय केवळ खिडकी आणि पंखा वापरून पाहावे. आणि घर बरे वाटते की नाही हे घरात बसून ठरवू नये, कारण आपले नाक दहा-पंधरा मिनिटांत त्या वासाला सरावते. खाली फाटकापर्यंत फेरी मारून परत यावे आणि दार उघडताच पहिल्या श्वासाला काय जाणवते ते लिहून ठेवावे.

पागोळीताई, मला तुमच्या प्रश्नातील पाण्याचा हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो मांडून पाहिला. तुम्ही दीड लिटर पाणी घातले आणि ३०० मिली उरले, म्हणजे १२०० मिली पाणी हवेत गेले. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर मिळून २५० चौरस फूट आणि उंची साडेनऊ फूट धरली, तर ती जागा सुमारे ६७ घनमीटर होते. पंचवीस अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प धरू शकते. पुण्यात जुलैच्या पावसात आर्द्रता सहज ८० टक्के असते, म्हणजे त्यातील १८ ग्रॅमहून अधिक जागा आधीच भरलेली असते. उरले घनमीटरमागे साडेचार ग्रॅमच्या आसपास, आणि सबंध जागेत मिळून जेमतेम ३०० ग्रॅम. तुम्ही त्या हवेत १२०० ग्रॅम पाणी सोडले, म्हणजे मावेल त्याच्या चौपट. घरातील हवा पूर्णपणे कोंडलेली नसते, काही वाफ फटींतून बाहेर गेली असेल, परंतु उरलेली जिथे गार पृष्ठभाग मिळाला तिथे बसली. काचेवर बसली ती तुम्हाला दिसली. कपाटातील कपड्यांत, पुठ्ठ्याच्या खोक्यांत आणि भिंतीत शिरली ती दिसली नाही. यात गॅसच्या ज्वलनातून निघणारी वाफ मी धरलेलीच नाही, आणि तीही थोडी नसते, कारण १०० ग्रॅम एलपीजी जळाला की सुमारे १६० ग्रॅम पाणी तयार होते.

तेव्हा कुबट वास दुसऱ्या दिवशी वाढला, हा भास नसावा. बुरशीला सुगंध दिला आणि वर पाणीही दिले.

पागोळी

मापटे, आमचा दिवाणखाना आणि स्वयंपाकघर खरोखरच जवळपास तेवढेच आहे. हा हिशेब वाचून मी तातडीने कपाट रिकामे केले. खालच्या कप्प्यातील जुन्या मासिकांचे गठ्ठे हाताला गार आणि ओलसर लागले.

पिंजरापाल (औंध)

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्याकडे एक मांजर आणि लव्हबर्डची जोडी आहे. मांजरांना लिंबूवर्गीय फळे चालत नाहीत असे ऐकले होते, त्यामुळे हा प्रकार करण्याचे धाडस होत नाही. नैसर्गिक पदार्थ असल्याने पक्ष्यांना तरी काही होणार नाही ना?

अत्तरवाट

मांजराच्या यकृताला युजेनॉल आणि लिमोनिनसारखी द्रव्ये आपल्याइतक्या सहजतेने निचरा करता येत नाहीत. म्हणून बाटलीतील घट्ट तेल मांजराच्या अंगावर, पंजावर किंवा पाण्यात कधीही जाता कामा नये. पातेल्यातील वाफ त्या मानाने फारच पातळ असते. तरीही मांजराला त्या खोलीतून उठून जाता यावे अशी वाट मोकळी ठेवावी, आणि उरलेले पाणी ते चाटणार नाही अशा जागी ठेवावे.

पक्ष्यांबाबत मी अधिक कडक आहे, कारण त्यांची श्वसनसंस्था अतिशय नाजूक असते. पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर, दार लावलेल्या खोलीत असावा. आणि हे पातेले नॉनस्टिक मुळीच नसावे. पाणी आटून असे भांडे कोरडे तापले तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. त्यात साली किंवा लवंगांचा काहीच दोष नसतो, पण पातेले ठेवून विसरण्याची शक्यता याच प्रकारात सर्वाधिक असते. जाड बुडाचे स्टीलचे पातेले घ्यावे आणि गॅस चालू असताना घराबाहेर जाऊ नये.

उंबराचे_घर (नारायण पेठ)

मला दम्याचा त्रास आहे, म्हणून लिहितो. गेल्या दिवाळीत नातेवाइकांकडे हेच पातेले दिवसभर चालू होते. नैसर्गिक आहे, तुम्हाला त्रास होणार नाही, असे मला आग्रहाने सांगण्यात आले, आणि तासाभरात मला गच्चीवर जाऊन फवारा घ्यावा लागला. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पण माझ्या श्वासनलिकेला तीव्र वास हा तीव्र वासच असतो, तो कारखान्यातून आला की मंडईतून, याने फरक पडत नाही. पाहुण्यांसाठी घर सुगंधी करताना आधी एक फोन करून विचारावे, एवढी विनंती आहे.

दुपारची_उन्हे (कोथरूड)

मी हिवाळ्यात हे नियमित करते आणि मला ते फार आवडते, म्हणून त्या बाजूनेही लिहावेसे वाटले. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा कोरडी असते, नागपुरी संत्री मंडईत भरपूर असतात आणि त्यांची सुटी साल हाताने सहज निघते. तेव्हा काचांवर पाणी साचण्याचा त्रास मला कधी झाला नाही. रसवंतीवाल्याकडून मोसंबीच्या साली आणून पाहिल्या होत्या, पण त्यांवर पांढरा गर फार असतो आणि त्या कधी सोललेल्या असतात हे कळत नाही, त्यामुळे तो नाद सोडला. परदेशी संत्र्यांवर मेणाचा थर असतो, ती कोमट पाण्याने चोळून धुवावी लागतात.

माझी एक शंका आहे. आमच्या घरी उटण्यासाठी संत्र्याच्या साली वाळवून ठेवण्याची पद्धत आहे. त्या वाळलेल्या साली पावसाळ्यात या पातेल्यात चालतील का? आणि मसाल्याच्या दुकानातील जाड दालचिनी घ्यावी की श्रीलंकेची पातळ?

अत्तरवाट

वाळताना सालीतील बरेच तेल उडून जाते, त्यामुळे वाळलेल्या सालीला ताज्या सालीची चमक येत नाही. एक मंद, गोडसर वास मात्र येतो, आणि तो काहींना आवडतो.

दालचिनीबाबत माझे मत असे आहे की दुकानात स्वस्त मिळणारी जाड, एकाच थराची, लाकडासारखी कडक साल बहुधा तज असते. तिचा वास तिखट आणि सरळ असतो. श्रीलंकेची दालचिनी कागदासारख्या पातळ थरांची गुंडाळी असते आणि तिचा वास सौम्य असतो. पातेल्यासाठी मी तजच वापरतो, कारण सौम्य दालचिनी लवंगेखाली दबून जाते. महागडी दालचिनी खिरीसाठी ठेवावी.

दुपारची_उन्हे

तज माझ्या घरी तरी डोक्यात जाते. मी पातळ दालचिनीच घेते आणि लवंगा चारवर आणते, म्हणजे ती दबत नाही. हे ज्याच्या त्याच्या नाकावर सोडलेले बरे.

पागोळी

आठ दिवसांनी लिहीत आहे. मी अत्तरवाट यांच्या पद्धतीने पुन्हा प्रयोग केला. पाऊस थांबलेली संध्याकाळ निवडली आणि खिडकी वीतभर उघडी ठेवली. लहान स्टीलच्या पातेल्यात अर्धा लिटर पाणी, आठ चेचलेल्या लवंगा आणि दोन इंच तज झाकण ठेवून वीस मिनिटे मंद आचेवर ठेवली. मग झाकण काढून चार लिंबांची पातळ रंगीत साल पिळवटून घातली आणि पंधरा मिनिटांनी गॅस बंद केला. पाणी मापाने मोजले तर ३४० मिली उरले होते, म्हणजे केवळ १६० मिली हवेत गेले. काचा कोरड्या राहिल्या. मापटे यांनी सांगितल्याप्रमाणे खाली जाऊन परत आले, तेव्हा दारातच लवंगेचा ऊबदार वास आणि त्यावर लिंबाचा ताजेपणा जाणवला. गॅस बंद केल्यानंतर तासभर तो टिकला. माझ्या मुलीला मात्र तो भांडी घासण्याच्या साबणासारखा वाटला, त्यामुळे पुढच्या वेळी मोसंबी वापरेन. उरलेले पाणी फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी गरम केले, तर मसाल्यांचा वास बऱ्यापैकी आला, लिंबाचा अजिबात आला नाही.

कपाटाजवळचा कुबट वास अर्थातच गेला नाही.

मापटे

कपाटामागे कोणती भिंत आहे? न्हाणीघराची असेल तर एक सोपी परीक्षा करून पाहावी. कपाटातील आतल्या भिंतीवर हातभर प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा लावून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. थेंब खोलीच्या बाजूने, म्हणजे प्लास्टिकच्या बाहेर जमले, तर हवेतील दमटपणा भिंतीवर बसत आहे असे समजावे. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूने जमले, तर पाणी भिंतीतून झिरपत आहे.

पागोळी

मागे न्हाणीघरच आहे. काल सकाळी प्लास्टिक लावले होते, आज उघडून पाहिले. बाहेरची बाजू कोरडी आहे आणि आतून, भिंतीच्या बाजूने, थेंबांची दाट जाळी धरली आहे. नळाजवळच्या फरशांच्या फटीही काळ्या पडलेल्या दिसतात. प्लंबर शनिवारी येणार आहेत. तोवर कपाट रिकामे आणि उघडे ठेवले आहे. मासिके टाकून द्यावीत की उन्हात वाळवून वाचवता येतील, हे कोणाला अनुभवाने माहीत असल्यास सांगावे. त्यांतील काही माझ्या आईने जपलेली आहेत.

हिंगाष्टक

पागोळीताई, मासिके एकदम उन्हात ठेवू नयेत, पाने चिकटतात. पंख्याखाली उभी उघडून वाळवावीत आणि बुरशी दिसेल ती घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून कोरड्या ब्रशने झाडावी. वास मात्र कागदात बराच काळ राहतो.

रविवारी आमच्याकडे पुन्हा बांगडा आहे. या वेळी पातेले न ठेवता केवळ खिडकी आणि पंखा ठेवून, फाटकापर्यंत जाऊन येईन आणि इथे लिहीन.